पॅनेलच्या सावलीने खोली खरंच थंड होते का? वऱ्हाडातल्या एका स्लॅबचा हिशोब

प्रश्न: आमचं अकोल्यात वरच्या मजल्यावर घर आहे, स्लॅब साधारण हजार चौरस फूट. ३ किलोवॅट सोलर बसवतोय. वेंडर म्हणतो, पॅनेलच्या सावलीमुळे खालच्या खोल्या ५-६ डिग्री थंड होतील. हे खरं आहे का, आणि थर्मामीटरवर दिसेल इतका फरक पडतो का? स्ट्रक्चर उंच घ्यावं की कमी उंचीचं?

उत्तर:

फरक पडतो आणि तो मोजताही येतो. पण तुम्हाला सांगितलेला आकडा खोलीचा नाही, आणि तो सगळ्या खोल्यांना तर लागूच होत नाही. मी गेली बरीच वर्षं विदर्भात घरांच्या गच्चीवर सोलरची कामं करतो आणि वरच्या मजल्याच्या उकाड्याचे उपायही सुचवतो, म्हणून हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात भेटतो.

आधी ५-६ डिग्री कुठून येतात ते पाहू. मेमध्ये दुपारी दोनला गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा. उघड्या कोब्यावर पाय टेकवत नाही, आणि पॅनेलखालच्या सावलीत दोन मिनिटं सहज उभं राहता येतं. उघडा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास गेलेला असतो आणि सावलीतला ४५-४८ वर थांबलेला असतो. म्हणजे स्लॅबच्या वरच्या बाजूला बारा-पंधरा अंशांचा फरक खरोखरच असतो. वेंडर तो डोळ्यांनी बघतो आणि खोलीपर्यंत यातलं अर्धं तरी पोचेल असं धरून चालतो. प्रत्यक्षात मध्ये पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब असतो, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, खाली प्लास्टर असतं. शिवाय खोलीत उष्णता फक्त छतातून येत नाही. भिंती, खिडक्या, दार आणि बाहेरची गरम हवा यांचाही वाटा असतो.

दुसरी गोष्ट पॅनेलची स्वतःची. पॅनेल म्हणजे झाडाची सावली नव्हे. त्यावर पडणाऱ्या उन्हातला साधारण पाचवा हिस्सा वीज होऊन तारेतून निघून जातो, बाकीच्याने पॅनेल तापतं. बाहेर ४३ अंश असताना पॅनेलचं तापमान ६५ च्या पुढे गेलेलं असतं, आणि त्याची खालची बाजू स्लॅबवर उष्णता टाकत असते. तरीही सौदा फायद्याचाच आहे. दुपारी उघडा कोबा दर चौरस मीटरला सहाशेच्या वर वॅट ऊन पितो. सावलीतल्या कोब्याला तापलेल्या पॅनेलकडून शे-सव्वाशे वॅट मिळतात, शिवाय बाजूने परावर्तित होऊन येणारं थोडं ऊन. भार खूप कमी होतो, पण शून्य होत नाही.

आता सावलीचं क्षेत्रफळ बघू. मला स्वतःला संपूर्ण विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. तुम्ही ३ किलोवॅट म्हणताय, कारण सूर्यघर योजनेत तिथेच ७८,००० रुपयांचं कमाल अनुदान मिळतं. हल्लीच्या ५४० वॅटच्या पॅनेलने हिशोब केला तर तुम्हाला सहा पॅनेल लागतील. एक पॅनेल सुमारे साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. सहा मिळून होतात साधारण १६५ चौरस फूट. उतारामुळे जमिनीवरची सावली थोडी कमी होते, म्हणजे दीडशेच्या थोडी वर धरा. तुमचा स्लॅब हजार चौरस फुटांचा आहे, तेव्हा सहावा हिस्सासुद्धा झाकला जात नाही. दुसऱ्या बाजूने बघा: बारा बाय चौदाची बेडरूम १६८ चौरस फुटांची असते. म्हणजे ३ किलोवॅटची सावली बरोबर एका बेडरूमची आहे. घर थंड होईल का हा प्रश्न मग उरत नाही. ही एका खोलीची सावली कोणत्या खोलीवर टाकायची, हे ठरवायचं असतं.

आणि इथेच बहुतेक घरांत चूक होते. सहा पॅनेल एका रांगेत लावली की बावीस फूट लांब आणि सात फूट रुंद पट्टा होतो. तो पट्टा दोन-तीन खोल्यांच्या डोक्यावरून जातो आणि प्रत्येकीचा निम्मा-पाव भाग झाकतो. सगळीकडे थोडं थोडं, आणि कुठेच जाणवत नाही. त्याऐवजी तीन-तीनच्या दोन रांगा एकाच उतारावर, एका टेबलासारख्या घेतल्या की साधारण अकरा बाय पंधरा फुटांचा चौकोन मिळतो. तो एका झोपायच्या खोलीवर जवळपास पूर्ण बसतो. वीज दोन्ही मांडण्यांत तेवढीच होते.

आता एका घराचे आकडे सांगतो. अमरावतीतलं बंगलीवजा घर. वर दोन बेडरूम शेजारी शेजारी, आकार सारखा, एक पूर्वेकडची आणि एक पश्चिमेकडची. घरमालक निवृत्त शिक्षक, आणि मोजमापाची त्यांना स्वतःला हौस. पॅनेल चढण्याआधी एप्रिलच्या शेवटी आम्ही दोन्ही खोल्यांत चार दिवस नोंदी घेतल्या. मग पॅनेल पश्चिमेच्या खोलीवर बसवली आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा चार दिवस नोंदी घेतल्या. त्या दिवसांत दारं-खिडक्या बंद, पंखा दोन्हीकडे एकाच वेगावर, कूलर पूर्ण बंद. घरची मंडळी त्या रात्री खाली हॉलमध्ये झोपली.

पॅनेल नसताना रात्री आठ वाजता पश्चिमेच्या खोलीचं छत आतून सरासरी ४०.२ अंश होतं आणि पूर्वेचं ३९.६. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन असल्यामुळे ती खोली आधीपासूनच जास्त तापणारी. पॅनेल बसल्यावर त्याच वेळेला पश्चिमेचं छत ३८.४ आणि पूर्वेचं ४०.९. नुसतं नंतरचं बघितलं तर अडीच अंशांचा फरक दिसतो. पण पॅनेल नसती तर पश्चिमेचं छत पूर्वेपेक्षा ०.६ ने जास्तच असतं, म्हणजे ४१.५ च्या आसपास. म्हणून सावलीचा खरा परिणाम साधारण तीन अंश.

खोलीच्या हवेचं बघितलं तर गोष्ट बरीच मवाळ होते. आधी पश्चिमेची हवा पूर्वेपेक्षा ०.८ ने जास्त होती, नंतर ०.४ ने कमी झाली. म्हणजे १.२ अंशांचा परिणाम. आणि पहाटे साडेपाचला काय दिसलं? छत दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, उलट पॅनेलखालचं ०.३ ने किंचित जास्त.

हे पहाटेचं कोडं समजून घेण्यासारखं आहे. उघडा स्लॅब रात्री आकाशाकडे उष्णता सोडत असतो. निरभ्र रात्री गच्चीवर झोपलेल्या माणसाला तो गारवा माहीत असतो. पॅनेलखालच्या स्लॅबला आकाश दिसत नाही, त्याला पॅनेलची पाठ दिसते. म्हणून तो दिवसा कमी तापतो, पण रात्री निवतोही हळू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी तिथल्या एका इमारतीच्या छताचा थर्मल कॅमेऱ्याने अभ्यास करून २०११ साली जे प्रसिद्ध केलं, त्यातही हेच होतं. पॅनेलखालचं छत दिवसा आतून अडीच अंशांपर्यंत थंड, आणि रात्री उघड्या भागापेक्षा थोडं उबदार. तिथली हवा आणि छताची बांधणी आपल्यासारखी नाही, त्यामुळे त्यांचे आकडे इथे चिकटवू नका. पण कारण तेच आहे आणि दिशाही तीच.

सव्वा अंश हवेचा आणि तीन अंश छताचा म्हटल्यावर अंगाला काय जाणवतं? आपल्या शरीराला नुसती हवा लागत नाही, तापलेला पृष्ठभागही लागतो. पलंगावर उताणं झोपलेल्या माणसाला बहुतेक छतच दिसत असतं, आणि ४१ अंशांचं छत अंगावर उष्णता टाकत असतं. शिवाय वरच्या मजल्यावर छताला लागून गरम हवेचा थर साचतो आणि पंखा तोच थर खाली ओढतो. अमरावतीच्या त्या घरातल्या काकूंनी आकडे न बघता सांगितलं होतं की आता रात्री पंखा लावला की हवेचा चटका बसत नाही, आणि माळ्यावरच्या गाद्या काढल्या तर पूर्वीसारख्या गरम लागत नाहीत. माझ्या हिशोबाने हवा आणि छत दोन्ही धरून अंगाला साधारण एक अंशाचा आराम पडतो. संध्याकाळी सात ते रात्री बारा या वेळात तो ओळखू येतो. त्यानंतर हळूहळू नाहीसा होतो.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते सांगायला हवं, नाहीतर माझाही आकडा तुम्ही वेंडरच्या आकड्यासारखाच धराल.

पहिलं, तुमच्याकडे कूलर आहे की एसी. अकोल्यात बहुधा कूलर असेल. खिडकीतला मोठा कूलर खोलीतली सगळी हवा दोन-तीन मिनिटांत बदलतो. त्यामुळे कूलर चालू असताना हवेतला तो सव्वा अंश पुसला जातो, उरतो फक्त छताचा भाग. तोही कामाचा आहे, कारण कूलरची हवा गार असली तरी वरून छत भाजत असेल तर झोप लागत नाही. एसी असेल तर खोली बंद असते, मग फायदा विजेच्या रूपाने मिळतो. बारा बाय चौदाच्या खोलीत रात्री दहा ते सहा एसी चालवला, तर सावलीमुळे अर्धा ते पाऊण युनिट वाचतं. तुमची ३ किलोवॅटची पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास देतील. त्याच्या बाजूला हे पाऊण युनिट ठेवून बघा. सोलर घ्यायचं ते विजेसाठी. सावलीसाठी कोणी पैसे मोजायला लावत असेल तर मोजू नका. पण सावली फुकट मिळतेच आहे, तर ती योग्य जागी पाडून घ्या.

दुसरं, स्लॅबवर आधीपासून काय आहे. नुसता पाच इंची स्लॅब असेल तर परिणाम माझ्या आकड्यांपेक्षा जास्त दिसेल. जाड कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक असेल तर कमी, कारण पांढरी फरशी आधीच बरंचसं ऊन परत पाठवते. खाली पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर आणखी कमी, आणि मोजताना तुम्ही स्लॅब मोजतच नसता, पीओपी मोजत असता. पत्र्याच्या छताची गोष्ट वेगळीच. पत्र्याला जाडी नाही, साठवण नाही, त्यामुळे सावली पडली की खालचा पत्रा अर्ध्या तासात उतरतो आणि फरक भर दुपारीच दिसतो. मात्र पत्र्याला पॅनेल चिकटवून लावली तर मधली हवा कोंडते. किमान चार-सहा इंचांची फट आणि वरच्या टोकाला हवा निघायला जागा हवी.

आता तुमचा उंचीचा प्रश्न. यात सगळेजण वाऱ्याचा आणि खर्चाचा विचार करतात, सावली कुठे जाते याचा कोणी करत नाही.

मेच्या २३-२४ तारखेच्या सुमारास अकोल्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो. त्या वेळी पॅनेलची सावली थेट त्यांच्या खाली पडते, स्ट्रक्चर दोन फुटांचं असो की आठ फुटांचं. दुपारी दोनच्या सुमारास सूर्य पश्चिमेकडे कलतो आणि आठ फूट उंच पॅनेलची सावली सुमारे साडेतीन फूट पूर्वेला सरकलेली असते. चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण अडतीस अंशांवर असतो आणि सावली सुमारे दहा फूट पूर्वेला गेलेली असते. म्हणजे बारा फूट रुंदीच्या खोलीवरून जवळजवळ पूर्ण उतरून शेजारच्या खोलीवर. सावली लहान झालेली नसते, फक्त दुसरीकडे गेलेली असते. कमी उंचीच्या, सरासरी पावणेचार फुटांच्या स्ट्रक्चरला तेच सरकणं पाच फुटांच्या आसपास राहतं.

त्यात काँक्रीटचा उशीर मिळवा. स्लॅब आणि कोबा मिळून वरची उष्णता खाली पोचायला साधारण पाच-सहा तास लागतात. सकाळी दहाचं ऊन आतल्या बाजूला दुपारी चारला येतं, तेव्हा खोलीत बहुधा कोणी झोपलेलं नसतं. दुपारी दोन ते चारचं ऊन रात्री आठ ते दहाला खाली उतरतं, बरोबर झोपायच्या वेळेला. म्हणून झोपेच्या दृष्टीने दुपारनंतरची सावली सकाळच्या सावलीपेक्षा मोलाची आहे.

या दोन्हीतून एक साधी युक्ती निघते, आणि माझ्या कामांत मी ती नेहमी करतो. टेबल खोलीच्या बरोबर डोक्यावर न ठेवता थोडं पश्चिमेला सरकवायचं. कमी उंचीच्या स्ट्रक्चरला दोन फूट पुरतात, आठ फुटी स्ट्रक्चरला चार फूट लागतात. सकाळी खोलीच्या पूर्वेकडचा थोडा पट्टा उन्हात राहतो, पण दीड ते साडेतीन या वेळात खोली बरीचशी सावलीत असते. गच्चीच्या पश्चिम कठड्याशी पॅनेल जात असतील तर तिथे वाऱ्याची उचल जास्त असते, तेव्हा कठड्यापासून दोन-तीन फूट मोकळे ठेवूनच सरकवा.

उंच स्ट्रक्चरचे फायदेही आहेत. गच्ची वापरता येते, पापड-कुरडया वाळत घालता येतात, पॅनेलची पाठ स्लॅबपासून दूर राहते आणि खालून वारा खेळतो. रात्री स्लॅबला बाजूने थोडं आकाशही दिसतं, त्यामुळे तो जरा लवकर निवतो. पण मे-जूनच्या वादळांत आठ फुटी स्ट्रक्चरवर वाऱ्याचा जोर मोठा येतो, लोखंड जास्त लागतं, पायेही भक्कम करावे लागतात. गच्चीचा रोज वापर नसेल तर तुमच्यासाठी मी पुढची कड दीड फूट आणि मागची कड सहा फूट, असं एकसलग टेबल सुचवेन. दीड फुटाच्या खाली मात्र जाऊ नका. अकोल्यातल्याच एका घरी कोणीतरी पॅनेल चार इंचांवर जवळजवळ आडवी ठेवली होती. मी बघायला गेलो तेव्हा खाली सुकी पानं आणि धूळ साचून फट बुजली होती, झाडू आत जात नव्हता, आणि दुपारी चारला त्या पॅनेलखालचा कोबा उघड्या कोब्याइतकाच गरम लागत होता.

एक गोष्ट पायांबद्दल. सावलीसाठी टेबल हलवायचं म्हणून वेंडर नवीन जागी थेट स्लॅबमध्ये ड्रिल मारून अँकर ठोकायला निघाला तर थांबवा. कोब्याखालचं वॉटरप्रूफिंग फुटलं की पहिल्याच पावसाळ्यात त्याच बेडरूमच्या छतावर ओल येते. आणि ओला कोबा उष्णता जास्त वाहून नेतो, म्हणजे सावलीचा फायदा तिथेच जातो. कोब्यावर सिमेंटचे पेडेस्टल ओतून त्यात पाय घेतले की हा धोका टळतो. त्यांचं वजन तुमच्या स्लॅबला झेपेल का, हे एकदा इंजिनिअरला विचारून घ्या.

मग बाकीच्या साडेआठशे चौरस फुटांचं काय? तिथे पांढरा रंग द्या. गच्चीसाठी मिळणारा उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप नवा असताना उन्हाचा तीन चतुर्थांशांच्या आसपास भाग परत पाठवतो. साधा चुनाही चालतो, फक्त तो दर उन्हाळ्याआधी नव्याने द्यावा लागतो. पांढऱ्या स्लॅबला आकाश मोकळं असतं, म्हणून तो रात्रीही लवकर निवतो. पॅनेलखाली जी पहाटेची अडचण दिसते, ती तिथे येत नाही. खरं सांगायचं तर फक्त उकाडा कमी करायचा असता तर मी तुम्हाला पॅनेलऐवजी आधी पांढरा लेपच सांगितला असता, कारण त्याने सगळी गच्ची झाकली जाते आणि खर्च पॅनेलच्या मानाने फारच कमी. आपल्याकडे धुळीमुळे तो वर्षभरात मळतो. मार्चच्या सुरुवातीला एकदा ब्रशने धुतला की बराचसा परत उजळतो. पॅनेलखालच्या भागाला लेप देऊन उकाड्यात फारसा फरक पडत नाही, तेवढा डबा वाचवा. लेप मात्र स्ट्रक्चर उभं राहिल्यावर द्या, आधी दिलात तर कामगारांच्या पायांनी आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी खराब होतो.

शेवटी मोजायचं कसं. तुम्ही थर्मामीटरवर दिसेल का असं विचारलंत, आणि मी ज्यांना ज्यांना मोजताना पाहिलंय त्यातले बहुतेक भर दुपारी बाराला मोजतात. त्या वेळी स्लॅबच्या आतल्या बाजूला सकाळची उष्णताच जेमतेम पोचत असते, त्यामुळे फरक दिसत नाही आणि लोक म्हणतात, काही उपयोग नाही. नोंद रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान घ्या, रोज एकाच वेळी. हवेसाठी घड्याळासोबत मिळणारे दोन साधे डिजिटल थर्मामीटर चालतील. पण दोघांच्या आकड्यात अर्धा-एक अंशाचा फरक असू शकतो, आणि आपण शोधतोय तो परिणामच एक-सव्वा अंशाचा आहे. म्हणून आधी एक रात्र दोन्ही एकाच टेबलावर शेजारी ठेवा आणि त्यांच्यात किती तफावत आहे ते लिहून ठेवा, पुढे तेवढी वजा करा. खोलीत ते पलंगाच्या उंचीवर ठेवा, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून नको.

छतासाठी पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. तो ओळखीच्या एसी मेकॅनिककडे बहुधा असतो, दोन आठवड्यांसाठी मागून घ्या. तो लांबून मोठं वर्तुळ मोजतो. पलंगावर उभं राहून छताच्या जवळून मोजा, खोलीच्या मधल्या भागात पाच ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. पंख्याचा हूक, लाइटची जागा आणि बीम टाळा. बीम जाड असतो, त्याचा आकडा वेगळाच येतो.

तुलनेसाठी दुसरी एक खोली ठेवाच, जिच्यावर सावली पडणार नाही. आज ४१ आणि उद्या ४३ अंश असताना नुसते आधीचे-नंतरचे आकडे काही सांगत नाहीत. दोन खोल्यांमधला फरक आधी किती होता आणि नंतर किती झाला, एवढंच बघायचं. ढग आलेला दिवस, पाऊस पडलेला दिवस आणि ज्या दिवशी चुकून कूलर लागला तो दिवस नोंदीतून काढून टाका.

वेंडरला एवढं सांगा: सहा पॅनेल तीन-तीनच्या दोन रांगांत, झोपायच्या खोलीवर, दोन फूट पश्चिमेला. पुढची कड दीड फूट, पाय पेडेस्टलवर. आणि काम सुरू व्हायच्या आधीचे चार-पाच निरभ्र दिवस रात्री आठची नोंद घेऊन ठेवा. पॅनेल चढल्यावर ते आकडे परत मिळणार नाहीत. जूनच्या आधी दोन्ही वेळचे आकडे इथे टाकलेत तर तुमच्या स्लॅबचा हिशोब मी मांडून देईन.